आधी एकेकाला लिहा, ग्रुपवर नंतर

*सप्रेम नमस्कार,*

*आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नऊशेच्या वर माणसं, तीन ॲडमिन. सहा वर्षांत तो ना भांडणांनी फुटला, ना जाहिरातींनी भरला. मार्चमध्ये वडिलांसाठी रक्त हवं होतं, तर वीस मिनिटांत दोघांचे फोन आले. मागच्या महिन्यात निवडणुकीचा एक मेसेज काढल्यावरून तिघांपैकी एका ताईवर चार-पाच जण तुटून पडले. ती गप्प राहिली. तेव्हा जाणवलं की या तिघांचे आभार कधी कुणी मानलेच नाहीत. माझ्या मनात आहे की ग्रुपवर छान मोठी पोस्ट लिहावी, सगळ्यांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून तिघांना भेट द्यावी आणि मेळाव्यात सत्कार करावा. नवरा म्हणतो, "कशाला उगीच?" तुम्ही सांगा.*

*एक माजी विद्यार्थिनी*

नमस्कार.

आभार जरूर माना. फक्त तुम्ही ठरवलाय तो क्रम उलटा करा. आधी एकेकाला खासगीत लिहा, मग त्यांच्या कामातलं काहीतरी उचला, आणि ग्रुपवरची पोस्ट अगदी शेवटी टाका, तीही लहान. वर्गणीचं पुढे सांगते. तुमच्या नवऱ्याचं "कशाला उगीच" अर्धं बरोबर आहे, पण ते आभारांना नाही, आभारांच्या गाजावाजाला लागू होतं.

मी काही वर्षं अशाच एका मोठ्या ग्रुपची ॲडमिन होते, म्हणून पडद्यामागचं थोडं सांगते. ते कळलं नाही तर आभार मोघम होतात, आणि मोघम आभार ॲडमिनला वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखेच वाटतात. छान वाटतं आणि पाच मिनिटांत विसरायला होतं.

बाहेरून दिसतं ते एवढंच, की कुणीतरी मेसेज काढला. मेसेज काढायला दोन सेकंद लागतात. पण व्हॉट्सॲपवर ॲडमिनने मेसेज काढला की त्या जागी तो कोणत्या ॲडमिनने काढला हे नावासकट सगळ्यांना दिसतं. म्हणजे प्रत्येक वेळी ती ताई नऊशे जणांसमोर सही करत असते. त्यानंतर सुरू होतं ते तुम्हाला दिसत नाही. ज्याचा मेसेज गेला तो खासगीत येतो. "माझाच का?" "परवा अमक्याचा ठेवलात, तो कसा चालला?" "मी शाळेसाठी एवढं केलं आणि मलाच शिकवता?" त्याला शांतपणे, नियम दाखवून, त्याचा मान राखून उत्तर द्यावं लागतं, कारण तो कुणाचा तरी वर्गमित्र असतो आणि वर्षभराने मेळाव्यात समोर बसणार असतो. यात कधी संध्याकाळ जाते. त्यामुळे ताई ग्रुपवर गप्प राहिली याचा अर्थ ती खचली असाच धरू नका. बहुतेक वेळा ते ठरवून असतं. वाद ग्रुपवर वाढवायचा नाही, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बाजूला बोलायचं, हा चांगल्या ॲडमिनचा पहिला धडा असतो. अर्थात ठरवून गप्प बसलेल्या माणसालाही लागायचं ते लागतंच.

दुसरं काम दाराशी उभं राहण्याचं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये येण्याची विनंती येते तेव्हा नाव नुसतं 'सनी' असतं आणि फोटो एखाद्या फुलाचा. हा आपला आहे की नाही? मग बॅच विचारा, त्या बॅचमधल्या कुणालातरी विचारा, उत्तराची वाट पाहा. तोवर सनी रागावलेला असतो की आपल्याच शाळेच्या ग्रुपमध्ये घेत नाहीत. हे न करता लिंकवरून येईल त्याला आत घेतलं तर काय होतं? एखादा अनोळखी नंबर येतो, महिनाभर एक शब्द बोलत नाही, आणि एक दिवस सदस्यांना खासगीत गुंतवणुकीच्या योजना पाठवायला लागतो. ग्रुपमधल्या सगळ्यांचे नंबर त्याला आयतेच मिळालेले असतात. मग त्याला काढा, जुनी लिंक रद्द करून नवी करा, आणि ज्यांना फसवे मेसेज गेले त्यांची समजूत घाला. तुमच्या ग्रुपवर सहा वर्षांत असलं काही झालेलं तुम्हाला आठवत नसेल, तर ते आपोआप झालेलं नाही.

आणि तिसरी गोष्ट जी फक्त माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरच एवढ्या तीव्रतेने येते, ती म्हणजे निधनाची बातमी. रात्री कुणीतरी टाकतं, "आपले अमुक सर गेले." दहा मिनिटांत शंभर श्रद्धांजल्या. सर रुग्णालयात असतात, पण हयात असतात, आणि त्यांची मुलगी त्याच ग्रुपमध्ये असते. ज्या ॲडमिनने एकदा हे पाहिलंय तो पुढच्या वेळी आधी घरच्यांना फोन करतो, तोवर मेसेज काढून ठेवतो, आणि "एवढी मोठी बातमी काढलीच कशी?" हे ऐकून घेतो. बातमी खरी निघाली तर तोच ती नीट, नाव-बॅच-वेळ देऊन टाकतो. खोटी निघाली तर ग्रुपला कळतही नाही की काय टळलं. त्याबद्दल आभार मानणार कोण, कारण माहीतच कुणाला नसतं. एखादा माजी विद्यार्थी वारल्यावर त्याचा नंबर ग्रुपमधून कधी काढायचा, हाही असाच प्रश्न. काढला की "अमक्याला काढलं" अशी ओळ सगळ्यांना दिसते आणि फोन अनेकदा बायकोच्या किंवा मुलाच्या हातात असतो. असले निर्णय कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नसतात.

आता तुमचं पहिलं पाऊल. लिहायच्या आधी एवढं शोधा की तिघांत कोण काय करतं. बऱ्याच ग्रुपवर मेसेज काढणारा एक असतो, नवीन माणसं तपासून घेणारा दुसरा, आणि भांडणाऱ्या दोघांना फोन करून समजावणारा तिसरा. लोकांना नाव पहिल्याचंच माहीत असतं, म्हणून शिव्याही त्यालाच आणि कौतुक झालं तर तेही त्यालाच. कधी तिघांपैकी एक जण ग्रुप काढला तेव्हापासून नुसता नावाला असतो, आणि खरं काम करणारी चौथी व्यक्ती ॲडमिनच नसते. बॅचची ओळख पटवून देणारी, रक्तदात्यांची यादी अद्ययावत ठेवणारी. तुम्हाला मार्चमध्ये वीस मिनिटांत फोन आले, ते अशा एखाद्या यादीमुळे आले का, विचारून पाहा. कुणाला विचारायचं? सरळ तिघांपैकी एकाला. "तुमच्यात कामं कशी वाटलेली आहेत, जाणून घ्यायचंय," एवढं पुरे. सहा वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही बहुधा पहिल्याच असाल.

मग खासगी मेसेज. लोक साधारण असं लिहितात: "तुम्ही सगळे ॲडमिन खूप छान काम करता. तुमच्यामुळेच ग्रुप आहे. असंच चालू ठेवा." यात वाईट काही नाही, पण हे कुणीही कुणालाही लिहू शकतं. शिवाय थकलेल्या माणसाला "असंच चालू ठेवा" हे कौतुकापेक्षा हुकमासारखं वाचायला मिळतं. त्याऐवजी एक घटना घ्या, तिच्यामुळे तुमचं काय झालं ते सांगा, आणि थांबा. ताईला साधारण असं लिहिता येईल:

"ताई, मागच्या महिन्यात निवडणुकीचा तो मेसेज काढल्यावर तुम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं, ते सगळं मी वाचलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा मेसेजही काढला गेला होता, तेही लक्षात आहे. नियम दोन्हीकडे सारखा लागतो म्हणून इथे अजून कामाचं विचारता येतं. मार्चमध्ये बाबांसाठी रक्त मागितलं तेव्हा वीस मिनिटांत दोन फोन आले. त्या दिवशी ग्रुपवर वादावादी चालली असती तर माझा मेसेज कुणाला दिसलाच नसता. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. मनापासून आभार. उत्तर लिहिलं नाही तरी चालेल."

दुसऱ्या बाजूचा मेसेज खरंच काढला गेला होता का, हे मात्र आधी ग्रुपवर मागे जाऊन पाहा. काढलेल्या मेसेजची ओळ तिथेच राहते. तसं झालं नसेल तर ते वाक्य लिहू नका. ॲडमिनला स्वतःचा हिशोब पक्का माहीत असतो, आणि चुकीच्या गोष्टीबद्दल केलेलं कौतुक लगेच कळतं.

या मेसेजात काय लिहिलं नाही तेही बघा. त्या चार-पाच जणांबद्दल एक शब्द नाही. "ते लोक तसलेच आहेत, तुम्ही लक्ष देऊ नका" हे लिहायचा मोह फार होतो. पण उद्या त्याच लोकांचा मेसेज वाचून तो ठेवायचा की काढायचा हे ताईलाच ठरवायचं आहे, आणि ते तिला मोकळ्या मनाने ठरवता यायला हवं. तुम्ही आभारांच्या निमित्ताने तिला आपल्या बाजूला ओढलंत तर तिचं काम अवघड केलंत. तसंच "तो उमेदवार होताच तसला, बरं झालं काढलात" हेही नको. तिने मेसेज काढला तो निवडणुकीचा होता म्हणून, अमक्या पक्षाचा होता म्हणून नाही. तुमचं असं एक वाक्य, स्क्रीनशॉट होऊन चुकीच्या हातात पडलं, तर तिच्यावरच्या आरोपाला तुम्हीच पुरावा दिल्यासारखं होईल. लोक स्क्रीनशॉट काढतात. आपल्यातलेच काढतात.

मागणीही त्याच मेसेजात नको. "आभारी आहे, आणि हो, माझ्या भाच्याला ग्रुपमध्ये घ्याल का?" असे मेसेज मला पुष्कळ आले. त्यातले आभार मी कधी मोजले नाहीत.

उरलेल्या दोघांना वेगळं लिहा, ताईला लिहिलेलंच पुढे ढकलू नका. जो नवीन माणसं तपासतो त्याला दाराबद्दल लिहा, जो फोन करतो त्याला फोनबद्दल. तिघेही एकमेकांशी बोलतात. तिघांना शब्दशः सारखाच मेसेज आलाय हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळेल.

आता तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही असं एक. आभार मानायची सगळ्यांत चांगली वेळ वादाच्या नंतरचा महिना ही नसते. वाद चालू असतानाचा पहिला तास-दोन तास ही असते. तेव्हा ग्रुपवर एका सदस्याने एक शांत वाक्य लिहिलं तर ॲडमिनचं निम्मं ओझं उतरतं. समजा पुन्हा असंच झालं. कुणीतरी उमेदवाराचं आवाहन टाकलं, ताईने काढलं, आणि "इथे हुकूमशाही चालते" सुरू झालं. त्या क्षणी "ॲडमिनचा विजय असो" लिहू नका, त्याने आगीत तेल पडतं. एवढंच लिहा: "निवडणुकीचे मेसेज नकोत हा नियम ग्रुपच्या वर्णनात पहिल्यापासून आहे आणि सगळ्यांना सारखा आहे. हरकत असेल तर तिघांना खासगीत लिहू या." तुमचा स्वतःचा मेसेज कधी काढला गेला असेल तर तेही जोडा: "मागे माझाही काढला होता, तेव्हा मलाही आवडलं नव्हतं." ज्याचा मेसेज गेलाय त्यानेच नियमाची बाजू घेतली की बोलणाऱ्यांचा सूर झटकन उतरतो. मात्र असं वाक्य एकाने किंवा दोघांनी लिहावं. वीस जण लिहायला लागले की ती झुंड होते. ज्याचा मेसेज गेला तो कोपऱ्यात सापडतो, आणि मग ॲडमिनला त्याला वाचवावं लागतं. तुमच्या आधी कुणी नीट बोललं असेल तर त्या मेसेजवर अंगठा देऊन बाहेर पडा.

एक पथ्य मात्र पाळा. मेसेज काढण्यात ॲडमिनचंच चुकलंय असं तुम्हाला वाटत असेल, तर केवळ त्यांना आधार म्हणून बाजू घेऊ नका. तेव्हा ग्रुपवर गप्प राहा आणि खासगीत सांगा. "हा मेसेज नियमात बसत होता असं मला वाटतं, एकदा बघाल का?" हे नीट सांगणारा सदस्य ॲडमिनला हवाच असतो. कधीतरी असा प्रश्न विचारलेल्या माणसाचे आभार जास्त खरे वाटतात, हेही त्यात आलं.

आता कामाचा भार. सहा वर्षांत त्या तिघांनी सुट्टी घेतली आहे का? ॲडमिन थकल्याच्या खुणा ग्रुपवर दिसतात, पाहणाऱ्याला. ग्रुपमध्ये येण्याच्या विनंत्या दिवसेंदिवस पडून राहतात. जाहिरात सकाळी पडते आणि संध्याकाळी काढली जाते, पूर्वी अर्ध्या तासात काढली जायची. समजावणाऱ्या दोन ओळींच्या जागी नुसतं "नियम वाचा" येतं. आणि सगळ्यांत स्पष्ट खूण म्हणजे 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय. पूर्वी ती भांडणाच्या रात्रीपुरती लागायची आणि सकाळी उघडायची. आता ती लागली की दोन-दोन दिवस तशीच राहते. यातलं काही दिसत असेल तर भेटवस्तूपेक्षा त्यांना हात हवा आहे.

"काही मदत लागली तर सांगा," असं मात्र म्हणू नका. ते ऐकायला गोड आहे, पण काय मदत मागायची, ती तुम्हाला झेपेल का, मागावी की नाही, हा विचार तुम्ही त्यांच्याच माथी मारता. एक ठरावीक काम, एक ठरावीक मुदत घेऊन जा. तुमच्या ग्रुपवर नोकरीचे मेसेज येतात असं धरते. ते दोन दिवसांत वाहून जातात आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. "दर रविवारी आठवड्यातले नोकरीचे सगळे मेसेज मी एकत्र करून एकच यादी देईन, तीन महिने करून बघते, चालेल का?" असं विचारा. ती यादी ॲडमिन पिन करू शकतात. पिन केलेला मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस वर राहतो, म्हणजे आठवड्याच्या यादीला ७ दिवसांचा पिन नेमका बसतो. यादी सुरू झाली की तेच तेच प्रश्न कमी होतात, आणि "आधीचा मेसेज वर जाऊन शोधा" हे सांगण्याचं ॲडमिनचं एक काम संपतं. किंवा आपल्या बॅचपुरती ओळख पटवायचं काम घ्या. "आमच्या बॅचचं कुणी आलं तर नाव मला पाठवा, मी त्याच दिवशी सांगते." ही दोन्ही कामं ॲडमिन न होता करता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

ॲडमिनपद स्वतःहून मागू नका, निदान आभारांच्या त्याच आठवड्यात तरी नाही. त्याने आभारांचा रंगच बदलतो. त्यांनीच विचारलं आणि तुम्हाला जमणार असेल, तर होय म्हणण्याआधी एक मागा: आजवरचे अवघड निर्णय कोणते घेतले आणि का, याच्या चार ओळी. कोणाला का काढलं, कोणाला ताकीद देऊन ठेवलं, निधनाच्या बातमीचं काय ठरलंय. हे कुठे लिहिलेलं नसेल तर तुम्ही बसून लिहून घ्या. नवा ॲडमिन हे माहीत नसताना निर्णय घेतो, जुन्याच्या विरुद्ध जातो, आणि "आधी तर चालत होतं" सुरू होतं. तिघे एकाच वर्षी कंटाळून सोडून गेले तरी ग्रुप चालू राहावा असं वाटत असेल तर ही टिपणं जपून ठेवा. शेवटचा ॲडमिन ग्रुपमधून बाहेर पडला तर व्हॉट्सॲप सदस्यांपैकी कुणालातरी परस्पर ॲडमिन करून टाकतं. तो कोण असेल, यावर तुमचं काही चालत नाही.

आता तुमची पोस्ट. नऊशे जणांच्या ग्रुपवर तुम्ही भावपूर्ण मोठी पोस्ट टाकलीत तर पुढचं मी आत्ता सांगू शकते. तिसरा हिस्सा लोकांनी नुसते हात जोडले तरी तीनशे मेसेज. त्याच दुपारी कुणी रक्त मागितलं तर तो मेसेज त्या तीनशेंत बुडेल. तुमच्या ग्रुपवर शुभेच्छा खासगीत द्या असा नियम असेल, आणि एवढ्या मोठ्या चाललेल्या ग्रुपवर बहुतेक असतोच, तर तुमची पोस्ट ॲडमिनच्या सन्मानासाठी ॲडमिनचाच नियम मोडायला लावते. त्यांना स्वतःचं कौतुक थांबवताही येत नाही. शिवाय ज्यांचे मेसेज गेलेत, ज्यांना कधी काढून परत घेतलंय, ते हे वाचत असतात. तीनशेंतला एक जण "कौतुक ठीक, पण माझ्या बाबतीत काय झालं ते सांगू का?" असं लिहितो, आणि पुढचे दोन दिवस तोच विषय.

म्हणून आधी तिघांना विचारा. "ग्रुपवर तुमच्याबद्दल पाच ओळी लिहू का? नावं घालू का?" कुणाला नाव नको असतं, कारण नाव आलं की खासगीतल्या तक्रारी वाढतात. त्यांचं नाही म्हणणं हे विनयाचं समजून खोडून काढू नका. हो म्हणाले तर पाच ओळी लिहा. त्यात तिघांची नावं एकाच ओळीत, आणि ॲडमिन नसलेल्या त्या चौथ्या व्यक्तीचंही, तिने होकार दिला असेल तर. एक घटना घाला, निवडणुकीची नको, रक्ताची घाला, तिच्यात कुणाला बाजू नाही. आणि शेवटची ओळ अशी: "कृपया उत्तर लिहू नका, याच मेसेजवर रिॲक्शन द्या. दुसरं काही सांगायचं असेल तर या तिघांना खासगीत लिहा." रिॲक्शन मेसेजला चिकटून राहतात, ग्रुप पुढे सरकत नाही, आणि किती जणांना वाटलं ते तिघांना आकड्यात दिसतं. पोस्ट रात्री उशिरा किंवा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी टाकू नका. आणि कुठलाही वाद चालू असताना तर नाहीच, त्या वेळी ती आभाराची पोस्ट न राहता एका बाजूची पोस्ट होते.

वर्गणी नको, याची कारणं मी थोडक्यात सांगते. पैसे गोळा करायला बंदी हा नियम जवळजवळ प्रत्येक नीट चाललेल्या ग्रुपवर असतो, आणि तो याच तिघांनी घातलेला असणार. कोणी दिले, कोणी नाही, हिशोब कुठे आहे, ही विचारणा सुरू होते आणि ज्याला आत्ता जमत नाही त्याला उगीच लाज वाटते. आणि पुढच्या महिन्यात कुणाचा मेसेज काढला की "आमच्याच पैशाची भेट घेतलीत ना?" हे ऐकायची पाळी त्या बिचाऱ्यांवर येते. तुम्ही दोघी-तिघी मैत्रिणींनी आपापल्या खिशातून, ग्रुपवर वाच्यता न करता काही दिलं तर ते वेगळं.

भेटच द्यायची असेल तर मला एक सुचतं, आणि तिला पैसे लागत नाहीत. वेगवेगळ्या बॅचमधल्या दहा-पंधरा जणांना खासगीत विचारा: "या ग्रुपमुळे तुमचं नेमकं काय काम झालं? दोन-तीन ओळीत सांगा." लोक सांगतात. कुणाला रुग्णालयात ओळख मिळाली, कुणाला पहिली नोकरी, कुणी चाळीस वर्षांनी बाकावरची मैत्रीण शोधली. "ॲडमिन छान आहेत" असं लिहिणाऱ्याला परत विचारा, "ते ठीक, पण तुमचं काय झालं?" मजकूर एका वहीत सुवाच्य लिहा किंवा छापून घ्या, तीन प्रती करा आणि हातात द्या. ज्यांनी सांगितलं त्यांना आधी विचारून घ्या की नाव घालायचं का, कारण आजाराचे आणि नोकरीचे तपशील सगळ्यांना वाचायला नको असतात. यात तुमची तीन-चार आठवडे चिकाटी लागेल, दोनदा आठवण करून द्यावी लागेल, आणि चार जण तरी शेवटपर्यंत लिहिणार नाहीत.

मेळाव्यातला सत्कार त्यांना विचारून ठरवा. काहींना व्यासपीठावर उभं राहायला मनापासून आवडतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काहींना ते ओझं वाटतं. करायचाच तर दोन मिनिटांत आटपा, वहीतली एक नोंद मोठ्याने वाचा, आणि मेळाव्याचं माइकवरचं काम त्या दिवशी तरी त्यांच्याकडे देऊ नका. हे फार वेळा होतं. ज्याचा सत्कार, तोच सूत्रसंचालक.

ताईचं उत्तर येईलच असं नाही. कदाचित नुसता अंगठा येईल, कदाचित चार दिवसांनी दोन ओळी, कदाचित काहीच नाही. तुम्हीच लिहिलंत ना, उत्तर लिहिलं नाही तरी चालेल म्हणून. आणि उद्या तुमचा एखादा मेसेज काढला गेला, तर खासगीत नियम जरूर विचारा, पण वहीची आठवण काढू नका.